धागा: आशाताईंसाठी हात धुण्याची दीड मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, जवळजवळ बिनशब्दांची. पटकथेवर मतं हवीत

नर्मदाकाठ
नंदुरबारकडच्या एका छोट्या संस्थेसाठी काम करते. आशाताई नवजात बाळाच्या घरभेटीला जातात (३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी), तेव्हा बाळाला हात लावण्याआधी हात कसे धुवायचे, यावर ॲनिमेशन फिल्म करायची आहे. दीड मिनिटाच्या वर जायचं नाही. ती मासिक बैठकीत दाखवली जाईल आणि मग व्हॉट्सॲपवरून फिरेल. आमच्याकडच्या आशाताईंमध्ये कुणी पावरी बोलतं, कुणी भिली, कुणी अहिराणी, म्हणून शब्द जवळजवळ नकोतच.

पहिला खर्डा थोडक्यात असा: आशाताई पडद्यावर येते आणि हात धुण्याच्या पाच वेळा सांगते (शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, बाळाला घेण्याआधी). मग तळहातावर शिंगवाले हिरवे जंतू नाचताना दिसतात. ती नळाखाली हात धुते, जंतू ओरडत वाहून जातात, शेवटी बाळ हसतं. मागे निवेदन.

हे पाहून आमच्याच एका ताई म्हणाल्या, "छान आहे, पोरांना दाखवू." तिथेच गाडं अडलंय. काय काढू, काय ठेवू?

चित्रकथी
ॲनिमेशनवाला बोलतोय. पहिल्यांदा वाईट बातमी: हात हा काढायला सगळ्यात त्रासदायक अवयव आहे, आणि तुम्ही फक्त हातांचीच फिल्म करताय.

आता चांगली बातमी. घासणं ही पुन्हा पुन्हा होणारी हालचाल आहे. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीस सेकंद घासणं सरळ काढत गेलात तर ३६० चित्रं होतील. पण घासण्याच्या सहा कृती धरल्या आणि प्रत्येकीचं एका सेकंदाचं आवर्तन केलं, तर ७२ चित्रांत काम भागतं. प्रत्येक आवर्तन पाच वेळा फिरवा. फेस वेगळ्या थरावर ठेवा आणि तो हळूहळू वाढवा, म्हणजे तेच ते चाललंय असं वाटत नाही. हातावरची घाणही वेगळ्याच थरावर. ती कुठे, कधी निघते हे मग शेवटपर्यंत तुमच्या ताब्यात राहतं.

जंतूंची शिंगं मात्र काढाच. शिंगं आली की ते बालचित्र झालं.

मास्तर_तालुका_पोलादपूर
अतिशय स्तुत्य उपक्रम! आमच्या शाळेत दर वर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन साजरा करतो. मुलांना रांगेत उभं करून साबण देतो. फिल्म तयार झाली की पाठवा. शक्यतो मुलांचं एखादं समूहगीत टाका, आणि मध्यान्ह भोजनाचा प्रसंग हवाच.

नर्मदाकाठ
मास्तर, ही शाळेसाठी नाही हो. घरी जाऊन बाळ तपासणाऱ्या बाईसाठी आहे.

मास्तर_तालुका_पोलादपूर
असो. तरी गीताचा विचार करावा.

पळसपान
मी सामुदायिक वैद्यकशास्त्रातला. आशांच्या प्रशिक्षणात बरीच वर्षं गेली, त्यातली काही गडचिरोलीत. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत तिथल्याच 'सर्च' या संस्थेच्या कामातून उभी राहिली (डॉ. अभय आणि राणी बंग यांची क्षेत्रचाचणी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आली). म्हणून या विषयावर जरा लांबण लावतो.

पाच वेळांतल्या चार काढून टाका. त्या चुकीच्या नाहीत, पण त्या घरच्या लोकांसाठी आहेत. तुमची प्रेक्षक दारातून आत येते, बाळाला हात लावते आणि निघून जाते. तिची वेळ एकच. दीड मिनिटात पाच प्रसंग आले की प्रत्येकाला अठरा सेकंद मिळतात आणि हात धुणं नुसतं उल्लेखापुरतं उरतं.

दुसरं, धुण्याला पडद्यावर खरा वेळ द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात साबण-पाण्याने हात धुण्याची सगळी क्रिया ४० ते ६० सेकंदांची आहे. फिल्ममध्ये ती आठ सेकंदांत उरकलीत, तर बघणारी आठ सेकंदच शिकते. तोंडाने "चाळीस सेकंद" म्हणून काही उपयोग नाही. चाळीस सेकंद प्रत्यक्ष दिसले पाहिजेत.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. बैठकीत हात उत्तम धुणाऱ्या आशाताई प्रत्यक्ष घरात कुठे चुकतात? हात धुतात, मग पिशवीची चेन उघडतात, थर्मामीटर शोधतात, रजिस्टर काढतात, फोनमध्ये वेळ बघतात आणि मग बाळाला हात लावतात. धुतलेलं सगळं वाया. त्यामुळे पिशवी आधी उघडायची, थर्मामीटर, वजनकाटा आणि त्याची झोळी स्वच्छ कपड्यावर मांडून ठेवायची, आणि हात त्यानंतर धुवायचे. हे शब्दांनी सांगायला परिच्छेद लागतो, चित्राने दहा सेकंद. तुमच्या फिल्मचा खरा ऐवज हाच.

आणि नळ काढून टाका.

फार्माभाऊ
एवढा खटाटोप कशाला? सॅनिटायझरची बाटली द्या. वीस-तीस सेकंदांत काम होतं, पाणी नको, कुणी ओतायला नको. करोनात सगळ्यांना सवय झालीच आहे. आणि साबणच वापरायचा तर जंतुनाशक वापरा, साध्या साबणाने फक्त मळ जातो.

पळसपान
फार्माभाऊ, वेळेचं तुमचं बरोबर आहे, आणि हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर चालतोच. पण ही बाई मोटारसायकलवरून, धुळीतून, कधी शेणाच्या अंगणातून येते. दिसणारा मळ असला की अल्कोहोल नीट काम करत नाही, आधी धुणंच लागतं.

साध्या साबणाबद्दलचं मात्र सोडून द्या. जंतू बहुतेक हातावरच्या तेलकट मळाच्या थरात अडकलेले असतात, साबण तो थर सोडवतो आणि तो जंतूंसकट पाण्याबरोबर जातो. साध्या साबणापेक्षा जास्त फायदा होतो असा पुरावा कंपन्यांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान धरून १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांत वापरायला बंदी घातली. फिल्ममध्ये साधी वडी दाखवा, तीही वेष्टनाशिवाय, नाहीतर जाहिरात वाटेल.

फार्माभाऊ
बरं. पण बाटली पिशवीत असावी, या मतावर मी ठाम.

रानजाई
मी गटप्रवर्तक आहे, जव्हारकडची. माझ्याकडे वीसेक आशा आहेत, त्यामुळे इथे बोलायचा मला हक्क आहे असं समजते. :)

डॉक्टरांनी नळ काढायला सांगितला ते बरोबर, पण त्याच्या जागी काय हे कुणी लिहिलं नाही. पाड्यावर पाणी हंड्यात असतं आणि तांब्याने घ्यावं लागतं. तांब्या कुणी धरायचा? तिने स्वतः एका हाताने ओतलं, तर धुतलेल्या हाताने परत तोच तांब्या धरावा लागतो. म्हणून दुसरं कुणीतरी ओतणारं हवं. चित्रात सासू दाखवा. सासूला काम दिलं की ती फिल्ममध्ये आपोआप येते, आणि घरात खरं राज्य तिचंच असतं.

घासताना पाणी ओतणं थांबलेलं स्पष्ट दाखवा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकर येतो. धार चालू ठेवून घासणारी बाई पाहिली की बायका फिल्म सोडून पाण्यावरच बोलायला लागतील.

आणि पदर! हात धुतल्यावर सगळ्यांचा हात आधी पदराकडे जातो. विचार करून कुणी करत नाही, होतंच ते. प्रशिक्षणात शिकवलंय की पुसायचे नाहीत, बोटं वर आणि कोपर खाली ठेवून हवेवर वाळू द्यायचे. पण हे दिसतं विचित्र, ऑपरेशनच्या डॉक्टरसारखं, म्हणून त्यांना लाज वाटते. फिल्ममध्ये ती तशी उभी आहे आणि सासू आदराने बघतेय, असं दाखवलंत तर लाज जाईल.

एक भीती आहे. तुमच्या फिल्ममध्ये आशाच्या हातावरची घाण बाळाला लागताना दाखवणार असाल तर नका दाखवू. ही फिल्म आमच्या बैठकीपुरती राहणार नाही, गावच्या ग्रुपवर जाणारच. उद्या बाळ आजारी पडलं की लोक म्हणतील, आशानेच आणलं. आधीच कमी ऐकून घेतो का आम्ही?

चित्रकथी
रानजाईताई, हा मुद्दा इथे कुणालाच सुचला नसता. माझ्या डोक्यात तर नेमकी तीच फ्रेम होती, बोट बाळाच्या गालाला लागतं आणि डाग पसरतो. प्रभावी आहे, पण चुकीच्या माणसाच्या माथी बसेल.

दुसरा मार्ग असा: डाग वाटेवरच्या वस्तूंवरून हातावर येताना दाखवा. जीपची दांडी, फाटकाची कडी, फोन. तीनच. मग तिचं बोट बाळापासून वीतभर अंतरावर थांबतं, तिला *स्वतःलाच* डाग दिसतो आणि ती हात मागे घेते. शहाणपण तिचं, घाण रस्त्याची.

पळसपान
मान्य. तसंही भीतीवर फार भिस्त ठेवू नये. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात २०११ मध्ये 'सुपरअम्मा' नावाची मोहीम १४ गावांत तपासली होती. त्यात ॲनिमेशन फिल्मही होती, आणि रोगजंतूंवर भर देण्याऐवजी किळस, आईची माया आणि चारचौघांतली रीत या भावनांवर भर होता. सहा आठवड्यांनी साबणाने हात धुण्याचं प्रमाण मोहिमेच्या गावांत १९ टक्के आणि इतर गावांत ४ टक्के, सहा महिन्यांनी ३७ आणि ६. पण ते घरातल्या आयांबद्दल होतं, आरोग्य सेविकांबद्दल नाही, आणि फिल्म एकटी नव्हती, गावात माणसंही जात होती. नुसत्या फिल्मने हे होईल अशी आशा बाळगू नये (श्लेष आपोआप झाला).

चित्रांबद्दल आणखी एक. नेपाळमध्ये १९७६ च्या सुमारास युनिसेफने गावकऱ्यांना चित्रं दाखवून पाहणी केली होती. चित्रमालिका डावीकडून उजवीकडे बघायची असते हेसुद्धा गृहीत धरता येत नाही, असं तिच्यात दिसलं. तेव्हा बाण, फुली, डोक्यावरचा विचारांचा ढग असलं काही नको. लाल फुली तर आपल्याकडे दवाखान्याची खूण वाटू शकते.

रानजाई
डॉक्टर, माफ करा, पण आशा शिकलेल्या असतात. आठवी-दहावी झालेल्या, कुणी बारावीच्याही. त्या रोज रजिस्टर भरतात, ॲपमध्ये माहिती टाकतात. बाण त्यांना कळतो. शब्द कमी हवेत ते वाचता येत नाही म्हणून नव्हे. बैठकीत पन्नास बायका, पंख्याची घरघर, कुणाचं तरी बाळ रडतंय, फोनचा आवाज कुणाला ऐकू येणार? आणि घरी फोन बघताना मागून सासू, नवरा, पोरं बघत असतात.

पळसपान
हे खरं. तर मग असं म्हणू: बाण आशाला कळेल, मागून डोकावणाऱ्या सासूला कदाचित नाही. त्यामुळे नसलेला बरा.

नर्मदाकाठ
खूप काही मिळालं. एक अडलंय: घाणीचा रंग. हिरवे जंतू गेले, त्या जागी पिवळट डाग करून बघितला तर सहकारी म्हणाली, बाळंतिणीच्या घरात ही हळद वाटते. लाल केला तर कुंकू किंवा गुलाल. काळा केला तर काजळ, जे बाळाला मुद्दाम लावतात. निळा ठरवत होते.

शेवंता_७२
निळा नको. आमच्या वस्तीत निळ्या रंगाला काय मान आहे हे वेगळं सांगायला नको. घाण निळी आणि ती साबणाने धुऊन काढायची, हे पडद्यावर दिसलं तर वाद होईल, आणि व्हायलाच हवा.

चित्रकथी
राखाडी-तपकिरी करा, ग्रीसचा हात लागतो तसा. सपाट रंग नको, कडा फाटलेला ठसा हवा. आणि पार्श्वभूमी फिकट ठेवा. उन्हात, काच तडकलेल्या फोनवर हे बघायचंय. हाताचा रंगही आपल्याकडच्या बाईचा असू द्या. तयार चित्रसंचातले गुलाबी हात घेतलेत तर राखाडी छान उठून दिसेल, पण तो हात कुणाचाच वाटणार नाही.

लीड्सवाली
इंग्लंडमध्ये नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, मूळची सांगलीची. धागा आवडीने वाचतेय. बांगड्यांचं काय करणार आहात? आमच्याकडे 'कोपराखाली काही नको' हा नियम २००७ साली जाहीर झाला. घड्याळ, बांगडी, लांब बाही सगळं बंद, फार तर साधी अंगठी. बांगडीखालची जागा धुतलीच जात नाही.

नर्मदाकाठ
आशांच्या तपासणी-यादीतही पहिली पायरी तीच आहे, बांगड्या आणि घड्याळ काढणे. पण काचेचा चुडा भरलेली बाई तो कसा काढेल? काढायचा म्हणजे फोडायचा. चित्रात ती बांगड्या उतरवते असं दाखवलं, तर बाळंतिणीच्या घरात अपशकुन म्हणतील.

रानजाई
आमच्याकडे मागे सारतात. कोपराच्या जवळ नेऊन त्यावर केसांचं रबर लावतात. परीक्षेत मी पास करते. बरोबर की चूक ते डॉक्टर सांगतील.

लीड्सवाली
कोपरापर्यंत धुवायचं असेल तर सारलेल्या बांगड्या वाटेत येणारच. आणि घासताना घसरून खाली आल्या की?

पळसपान
शास्त्राने लीड्सवालीताई बरोबर आहेत. पण "काढा" असं दाखवून बाई पहिल्याच पायरीला फिल्म नाकारणार असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या गेल्या. मी म्हणेन घड्याळ काढताना स्पष्ट दाखवा, बांगड्या सारताना दाखवा.

लीड्सवाली
मला पटलेलं नाही. यादीत एक आणि फिल्ममध्ये दुसरं असं होईल.

नर्मदाकाठ
दुसरा खर्डा. एकूण ९० सेकंद.

०–१०: जीपची दांडी, फाटकाची कडी, फोन. प्रत्येक स्पर्शाला तिच्या हातावर राखाडी ठसा उमटतो. आत खाटेवर बाळंतीण आणि बाळ.

१०–१८: ती बाळाकडे वाकते. बोट थांबतं. ती हाताकडे बघते. पहिला शब्द: "थांब."

१८–३०: स्वच्छ कपडा पसरते. पिशवीतून थर्मामीटर, काटा, झोळी काढून मांडते. पिशवी बाजूला. घड्याळ उतरवते, बांगड्या मागे (वाद चालू आहे, माहीत आहे).

३०–३६: सासू तांब्याने ओतते. कोपरापर्यंत हात ओले. धार थांबते, तांब्या खाली टेकल्याचा आवाज.

३६–६६: दुसरा शब्द: "घास." तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं तळहातावर, मग मनगटापासून कोपरापर्यंत. प्रत्येकी पाच सेकंद. कॅमेरा तिच्या खांद्यामागून, म्हणजे आपले हात आपल्याला दिसतात तसे. समोरून दाखवलं तर डावं-उजवं उलटं होतं. अंगठा आणि नखांवरचा ठसा चिवट, पहिल्या घासण्याला हलतही नाही.

६६–७६: सासू पुन्हा ओतते. बोटं वर, पाणी कोपरावरून गळतं.

७६–९०: वाऱ्याने पदर हाताशी येतो, ती हात आणखी वर करते. तिसरा शब्द: "वाळू दे." फोन वाजतो. ती हलत नाही, सासू फोन उचलते. मग ती थर्मामीटर घेते, आणि बाळ तिचं बोट मुठीत धरतं.

तीन शब्द, प्रत्येक बोलीत गावातल्याच बाईच्या आवाजात.

पळसपान
ओलं करण्यापासून धुऊन काढण्यापर्यंत ४६ सेकंद झाले, चांगलं आहे. अंगठ्याचं मुद्दाम केलंत तेही बरोबर. १९७८ साली ब्रिटनमध्ये परिचारिकांचे धुतलेले हात तपासले, तेव्हा अंगठे, बोटांची टोकं आणि बेचक्याच जास्त सुटलेल्या होत्या. पण वाळण्याचे फक्त काही सेकंद दिसतायत. खऱ्या आयुष्यात जास्त लागतात.

चित्रकथी
तिथे सावली सरकवा किंवा थेंब गळणं थांबेपर्यंतची एक छोटी उडी घ्या. ती एकच उडी चालेल, घासण्यात मात्र एकही नको.

आवाजाबद्दल: ढोल नको, फोनच्या स्पीकरवर खालचे सूर उमटतच नाहीत. घुंगरू, टाळ, तांब्याचा ठणका हे ऐकू येतं. आणि फाइल १६ एमबीच्या आत बसवा, नाहीतर व्हॉट्सॲप तिला पिळून काढेल आणि तुमचे ठसे चौकोनी ठिपके होतील. नव्वद सेकंदांना आवाज धरून सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट मिळतात, सपाट रंगांच्या चित्राला ते पुरे.

रानजाई
पक्की करण्याआधी नुसत्या पेन्सिलच्या चित्रांवर चार-सहा आशांना दाखवा. आवाज बंद ठेवून. "समजलं का?" विचारू नका, सगळ्या हो म्हणतील. "ती काय करतेय, सांग" असं विचारा. आणि मग खरं पाणी द्या. हातावर तेलात कालवलेली कोळशाची पूड चोळायला लावा, डोळे मिटून धुवायला सांगा. कुठे काळं उरलं ते त्यांनाच दिसतं. फिल्म बघून धुतल्यावरही अंगठ्यालाच उरत असेल, तर अंगठ्याचे सेकंद वाढवा.

फार्माभाऊ
शेवटच्या चित्रात पिशवीतून बाटलीचं टोपण तरी दिसू द्या!

नर्मदाकाठ
नाही. :)

रानजाईताई, पेन्सिल खर्डा झाला की तुमच्या बैठकीत दाखवता येईल का? बांगड्यांचे दोन्ही प्रकार काढून आणते, काढलेल्या आणि सारलेल्या.

रानजाई
या. फक्त आधी फोन करा, बैठकीची तारीख बदलत राहते. आणि काढलेल्या बांगड्यांचं चित्र आणाल त्यात त्या प्लास्टिकच्या दाखवा, काचेच्या नको.

लीड्सवाली
निकाल इथे नक्की लिहा. दोन्ही गटांच्या हातांवर कोपराजवळ किती काळं उरलं, तेही बघा.